होटगी रोडचा बंद फ्लॅट, सहा महिन्यांचे 1,288 युनिट आणि 19,770 रुपयांचं बिल

सुनंदा_होटगीरोड

मुलीच्या बाळंतपणासाठी मी आणि माझे मिस्टर जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला गेलो. फ्रिज रिकामा करून उघडा ठेवला, गीझरचं बटण बंद, आतली मेन खाली पाडली आणि कुलूप लावलं. किल्ली आमच्याकडेच होती. नोव्हेंबरपर्यंत घरात कुणी पाऊल टाकलेलं नाही.

मधल्या पाच महिन्यांत दरमहा सरासरी 85 युनिटचं बिल येत राहिलं, सातशे तीस रुपयांच्या आसपास. रीडिंगच्या जागी 'लॉक' लिहिलेलं. मुलगा ऑनलाइन भरत गेला, कारण आम्ही घरी असतानाही साधारण तेवढंच यायचं. आता नोव्हेंबरचं बिल बघा. मागील रीडिंग 6218, चालू रीडिंग 7506, वापर 1,288 युनिट. भरलेली रक्कम वजा करूनही 19,770 रुपये भरा म्हणतात.

ऑफिसात गेले तर खिडकीवरच्या माणसाने "रीडिंग बरोबर आहे, मीटरचा फोटो आहे, भरावं लागेल" एवढंच सांगितलं. हप्ते करून देतो म्हणाले. मला हप्ते नकोत. न वापरलेल्या विजेचे पैसे मी का भरू? पुढे काय करावं, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

तात्या_अक्कलकोटरोड

ताई, एक रुपयासुद्धा भरू नका. घर बंद म्हणजे वापर शून्य, आणि वापर शून्य म्हणजे बिल शून्य. सरळ ग्राहक न्यायालयात जा. तिथे गेलं की हे लोक वठणीवर येतात.

विद्या_पुणे

माझ्या फ्लॅटवर भाडेकरूने असंच बिल थकवून ठेवलं होतं आणि निघून गेला. अॅग्रीमेंटमध्ये वीजबिल भाडेकरूने भरायचं हे स्पष्ट लिहिलं असेल तर डिपॉझिटमधून कापून घ्या. तुमच्या भाडेकरूने नोटीस पिरियड पाळला का?

सुनंदा_होटगीरोड

विद्याताई, भाडेकरू नव्हताच. फ्लॅट बंद होता.

शेळगीकर

मीटर फास्ट आहे, शंभर टक्के. आमच्या भावाच्या घरी असंच झालं होतं. फी भरून मीटर टेस्टिंगचा अर्ज द्या. मीटर काढून लॅबमध्ये नेतात, तिथे निघेल ते. पण आधी सांगा, फ्रिज किंवा वायफायचा डबा चालू राहिला नव्हता ना? आमच्याकडे गीझर चालू राहिला होता गावाला जाताना, त्याचं बिल बऱ्यापैकी आलं होतं.

जुना_बिलिंगवाला

मी वीज बिलिंगच्याच कामातून निवृत्त झालो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तात्यांचं. घर बंद असलं तरी जोडणी चालू असेपर्यंत स्थिर आकार लागतोच, त्यामुळे बिल शून्य कधीच येणार नाही. आणि "एक रुपया भरू नका" हा सल्ला धोक्याचा आहे. बिल थकलं की पंधरा दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते. पण विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 मध्येच ग्राहकाच्या बाजूचा एक रस्ता आहे. वाद चालू असेपर्यंत मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती 'हरकत राखून' भरली, तर वीज तोडता येत नाही. ताईंच्या बाबतीत ती सातशे-आठशेच्या घरात येते. मात्र ऑनलाइन भरू नका. अर्ज देऊन ऑफिसातून तेवढ्याच रकमेचं बिल करून घ्या, पावती घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तो शिक्का नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

आता शेळगीकरांचं. गीझर भरून चालू राहिला तर पाणी न वापरताही दिवसाला एक-दीड युनिट जातं. फ्रिज महिन्याला तीसेक युनिट घेईल, वायफाय सात-आठ. हे सगळं धरलं तरी महिन्याला 215 युनिट होत नाहीत, आणि 1,288 ला सहाने भागलं की तेवढे येतात. ताई तर आतली मेन बंद करून गेल्या आहेत. 215 म्हणजे एका नांदत्या घराचा वापर आहे. म्हणून माझा पहिला प्रश्न बिलाचा नाही. तुमच्या मीटरमधून नेमकी कुणाची वीज मोजली जाते आहे, ते आधी शोधा.

मीटर टेस्टिंगचा अर्ज आत्ताच देऊ नका, हे मी मुद्दाम सांगतो. लॅबमध्ये मीटर एकटा तपासतात. तो चांगलाच निघाला तर ऑफिसच्या हातात 'मीटर ओके' असा लेखी कागद पडतो आणि तुमची तक्रार तिथेच अडकते. वायरिंगमधला घोळ लॅबमध्ये दिसत नाही. मी अशा केसेस अडकलेल्या पाहिल्या आहेत.

चार गोष्टी कळवा. मीटर फ्लॅटच्या आत आहे की खाली पार्किंगमध्ये? मीटरवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे का? आज रीडिंग किती? आणि जूननंतर इमारतीत मीटरच्या जागी काही काम झालं का?

सुनंदा_होटगीरोड

मीटर खाली पार्किंगमध्ये आहेत, सगळ्या फ्लॅटचे एकाच पॅनेलवर. नंबर जुळतो. आज रीडिंग 7531 आहे. म्हणजे बिलानंतरही पळतो आहे, आणि आम्ही आत्ता कुठे परवा आलो.

काम झालं आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पावसाचं पाणी शिरून जुनं लाकडी पॅनेल खराब झालं होतं, ते सोसायटीने बदलून लोखंडी बसवलं. सेक्रेटरींनी सांगितलं की मीटरचं काम ऑफिसच्या लोकांसमोर झालं आणि खालची वायरिंग सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने केली.

जुना_बिलिंगवाला

मग दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. एक, मीटर खाली उघड्यावर असताना 'लॉक' हा शेरा बसतच नाही. त्याच पॅनेलवर शेजाऱ्यांच्या मीटरचं रीडिंग दरमहा घेतलं असेल तर तुमचंच का नाही घेतलं? शेजाऱ्यांची जुलै ते नोव्हेंबरची बिलं मागून घ्या, त्यांवर मीटरचे फोटो असतात. लागोपाठ दोनदा रीडिंग मिळालं नाही तर ग्राहकाला नोटीस द्यायची असते. तशी नोटीस आली होती का तेही सांगा. जुलैतच खरं रीडिंग घेतलं असतं तर तुम्हाला एका महिन्यात कळलं असतं.

दोन, टप्प्यांचा फायदा दिलेला दिसत नाही. सहा महिन्यांचे युनिट एकदम लागले की ते सहा महिन्यांत वाटून दर लावायचा असतो. महिना 215 धरला तर पहिले 100 स्वस्त दराने, उरलेले दुसऱ्या टप्प्यात, आणि 300 च्या वर काहीच नाही. तुमच्या बिलाची रक्कम बघता 500 च्या वरच्या सगळ्यात महाग टप्प्यात 788 युनिट टाकलेले दिसतात. नुसतं हे दुरुस्त केलं तरी बिलातले नऊ हजारांच्या आसपास रुपये कमी होतील. पण ही दुरुस्ती स्वीकारून गप्प बसू नका, नाहीतर 1,288 युनिट तुम्ही मान्य केले असा अर्थ निघतो.

आता तपासणी. आतली मेन बंद करा आणि खाली मीटरवरचा लाल दिवा बघा. मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं, बहुतेक 3200. महिना 215-250 युनिटचा वापर असेल तर तो मिनिटाला सोळा-अठरा वेळा लुकलुकेल. त्यानंतर मीटरखालचं तुमचं कटआउट बंद करून पुन्हा बघा.

सुनंदा_होटगीरोड

नोटीस कधीच आली नाही. आमच्या 301 शेजारच्या 302 च्या वहिनींनी बिलं दिली. जुलैपासून त्यांचे 262, 248, 255, 241 आणि नोव्हेंबरचे 236 युनिट. सगळ्या बिलांवर फोटो आहेत.

आतली मेन बंद केली, दिवा लुकलुकतोच. साधारण तीन-चार सेकंदाला एकदा. कटआउट खाली पाडलं तरीही लुकलुकतो! आता तर काहीच कळेनासं झालं.

शेळगीकर

मी काय म्हणत होतो? सगळं बंद करूनही मीटर चालतो म्हणजे मीटरच खराब. टेस्टिंगला द्या.

तात्या_अक्कलकोटरोड

किंवा मीटरची अदलाबदल झाली आहे. 302 चा वापर तुमच्यावर पडतोय. त्यांच्याकडून वसूल करा.

जुना_बिलिंगवाला

तात्या, माझाही पहिला संशय अदलाबदलीवरच होता. पण मग 302 चं बिल घसरायला हवं होतं, कारण त्यांच्या मीटरला बंद घर लागलं असतं. त्यांचा वापर तर नेहमीसारखा आहे. त्यांचे पाच महिन्यांचे मिळून 1,242 होतात. ताईंचे 1,288. उरलेले 46 हे मेच्या रीडिंगपासून जूनमध्ये निघेपर्यंतचे ताईंचे स्वतःचे असतील तर सगळं जवळपास जुळतं. एकच वीज दोन मीटरवर मोजली जाते आहे असं दिसतं. कशी, ते वायरिंगवाल्याने सांगावं.

महेश_वायरिंग

ओ ताई, थांबा जरा, मीटर टेस्टिंगला देऊ नका. मी सोलापुरातच वायरिंगची कामं करतो, हे बघितलेलं आहे मी.

कटआउट फक्त फेज तोडतं. न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. आणि आताचे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट बघतात, ज्याच्यात जास्त तो धरतात. पूर्वी लोक न्यूट्रल बाहेरून घेऊन चोरी करायचे, ती पकडायला हे केलेलं आहे. आता तुमच्या पॅनेलमध्ये काय झालं असणार, 301 आणि 302 च्या मीटरमधून निघणारे न्यूट्रल एकमेकांच्या जागी गेले. शेजाऱ्यांचा करंट त्यांच्या मीटरच्या फेजमधून वर जातो आणि तुमच्या मीटरच्या न्यूट्रलमधून परत येतो. त्यांच्या मीटरला वाटतं मी दिला, तुमच्या मीटरला वाटतं माझ्यातून गेला. दोघंही मोजतात. मीटरची काहीच चूक नाही, लॅबमध्ये एकदम ओके येणार.

ओळखायचं कसं? मीटरवर ई एल किंवा अर्थ लिहिलेला दुसरा दिवा असतो, तो लागलेला आहे का बघा. फेज-न्यूट्रलचा करंट जुळला नाही की तो लागतो. मग 302 च्या वहिनींना म्हणावं पाच मिनिटं त्यांची मेन बंद करा. तुमचा लाल दिवा त्याच क्षणी थांबला तर समजायचं झालं. इनव्हर्टर असेल तर त्याचंही बटण बंद करायला सांगा.

आणि एक हात जोडून सांगतो, मीटरच्या खालचं सीलचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका. सोसायटीच्या माणसालाही नको. सील तुटलेलं दिसलं की उद्या तुमच्यावरच चोरीचा कागद तयार होतो. न्यूट्रल सरळ करायची घाई करू नका. आधी ऑफिसचे लोक येऊन बघू देत, लिहून देऊ देत. तुम्ही दुरुस्त करून टाकलं तर पुरावाच गेला की.

सुनंदा_होटगीरोड

महेशदादा, ई एल लिहिलेला दिवा लागलेला आहे. वहिनींनी मेन पाडली आणि आमच्या मीटरचा लाल दिवा तिथल्या तिथे थांबला. मेन वर केली की पुन्हा सुरू. मिस्टरांनी मोबाइलवर शूटिंग करून ठेवलं आहे, दोन्ही मीटर एकाच फ्रेममध्ये येतील असं.

म्हणजे वहिनींकडून मागायचं काहीच नाही ना? त्या बिचाऱ्या घाबरल्या आहेत.

जुना_बिलिंगवाला

काहीच नाही. त्यांनी वापरलेल्या युनिटचे पैसे त्यांनी पूर्ण भरले आहेत. त्याच युनिटचे पैसे तुमच्याकडून दुसऱ्यांदा मागितले जात आहेत. अर्जात हेच वाक्य पहिलं लिहा. "घर बंद होतं" हे दुसऱ्या परिच्छेदात येऊ द्या, कारण घर बंद असण्याचा पुरावा देणं अवघड असतं, आणि हा पुरावा पॅनेलवर दिसतो आहे.

अर्ज उपविभागाच्या उपकार्यकारी अभियंत्यांच्या नावाने द्या. तीन मागण्या करा. तुमच्या आणि 302 च्या उपस्थितीत स्थळ तपासणी करून अहवालाची प्रत द्यावी. दोन्ही ग्राहक क्रमांकांचे सीपीएल, म्हणजे मागच्या महिन्यांचा पूर्ण खातेउतारा, तुमचा तुम्हाला द्यावा आणि 302 चा त्यांच्या सहीने घ्यावा. आणि जून ते नोव्हेंबरचं बिल दुरुस्त करावं. दुरुस्तीचा प्रस्ताव 'बी-80' म्हणून वर जातो, तो गेला का हे विचारत राहा.

महेश_वायरिंग

तपासणीला येणाऱ्यांना वायरीतला करंट मोजणारा टाँग टेस्टर आणायला सांगा. तुमच्या फेजवर शून्य आणि न्यूट्रलवर दीड अँपिअरच्या आसपास दाखवला पाहिजे. ते आकडे अहवालात लिहून घ्या. नुसतं "वायरिंग दोष आढळला" असं लिहिलेल्या कागदाने भागणार नाही.

अजून एक. तुम्ही घरात राहत असता तरी हे चालूच राहिलं असतं. न्यूट्रल असे बदलले की जो कमी वापरतो त्याच्या मीटरवर जास्त वापरणाऱ्याचे युनिट चढतात. घर बंद होतं म्हणून तरी उघडकीला आलं. त्या पॅनेलवरच्या बाकीच्यांनाही ई एल दिवा बघायला सांगा.

तात्या_अक्कलकोटरोड

हे मला नवीन कळलं, आमच्याही बिल्डिंगमध्ये बघतो. पण नुकसानभरपाई तर मागितलीच पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना एवढा मनस्ताप, आणि 'लॉक' लिहून मोकळे.

सुनंदा_होटगीरोड

पुढचं कळवते. सहायक अभियंता आणि वायरमन आले होते. सील शाबूत असल्याचं त्यांनी आधी लिहिलं. आमचं कटआउट बंद ठेवून टाँग टेस्टर लावला, फेजवर शून्य आणि न्यूट्रलवर 1.4 अँपिअर. वहिनींनी त्यांचा गीझर लावला तर तोच आकडा दहाच्या वर गेला. वायरमन स्वतःच म्हणाला, "मॅडम, हे तर सरळ दिसतंय." मीटरखालच्या पट्टीवर दोन काळ्या वायरी एकमेकींच्या जागी घातलेल्या होत्या. त्यांचा फोटो काढून मगच सरळ केल्या. ई एल दिवा विझला, आणि आतली मेन बंद केली की लाल दिवाही आता थांबतो. अहवालाची प्रत मिळाली आहे, 302 च्या वहिनींचीही त्यावर सही आहे.

हरकत राखून सातशे चाळीस रुपये भरून घेतले. बिलाच्या बाबतीत मात्र गाडी अडली आहे. टप्प्यांचा फायदा लगेच देतो म्हणाले, म्हणजे बिल साडेदहा हजारांपर्यंत येईल. पण पूर्ण 1,242 युनिट कमी करायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची, सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने चुकीची जोडली, त्याला कंपनी काय करणार? सोसायटीकडून घ्या.

शेळगीकर

त्यांचा मुद्दा अगदीच चूक नाही. मीटरच्या पुढची जबाबदारी आपलीच असते.

जुना_बिलिंगवाला

वायरिंगची जबाबदारी आणि विजेचा हिशोब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायर चुकीची जोडल्यामुळे वीज जास्त खर्च झाली असती, समजा गळती झाली असती, तर मी त्यांचं म्हणणं मान्य केलं असतं. इथे जास्तीची वीज गेलेलीच नाही. 302 मध्ये जेवढी गेली तेवढीच गेली आणि तिचे पैसे जमा आहेत. सोसायटीने ताईंना भरपाई द्यावी म्हणजे न विकलेल्या विजेचे पैसे कुणीतरी द्यावेत असाच अर्थ झाला. शिवाय वायर कुणीही चुकवली असली तरी पाच महिने समोरचा मीटर न वाचता 'लॉक' लिहिणं सोसायटीने केलेलं नाही.

उपविभागाने लेखी नकार दिला तर उत्तमच, तो कागद घ्या. मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रार करा. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते, वकील लागत नाही. तिथेही समाधान झालं नाही तर आदेशानंतर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. तात्या म्हणतात ते ग्राहक न्यायालय मी आत्ता सुचवणार नाही. मंचावर वीजक्षेत्राची जाण असलेली माणसं असतात, न्यूट्रलचा मुद्दा तिथे पाच मिनिटांत समजतो. भरपाईची मागणी तक्रारीत वेगळी लिहा, पण ती मिळेलच असं मी सांगणार नाही.

एक काळजी घ्या. टप्प्यांच्या फायद्याचं दुरुस्त बिल हातात आलं तर त्यावर "अंशतः दुरुस्ती, उर्वरित वाद कायम" असा अर्ज त्याच दिवशी द्या.

महेश_वायरिंग

सर म्हणतात ते बरोबर. पण सोसायटीलाही सोडू नका. पॅनेलचं काम झालं की फ्लॅट एकेक करून तपासून द्यायचं असतं. एका घराची मेन चालू, बाकी बंद, आणि त्याचाच मीटर चालतो का बघायचं. बारा फ्लॅटला तासभर लागत नाही. ते केलं नाही हे खरं आहे.

सुनंदा_होटगीरोड

सोसायटीची मीटिंग रविवारी आहे, तिथे मांडणार आहोत. त्याच पॅनेलवर 201 च्या मीटरचाही ई एल दिवा लागलेला सापडला. त्यांचा जोडीदार मीटर कोणता ते अजून कळलं नाही, कारण 202 ची मेन बंद केली तरी दिवा थांबला नाही. महेशदादा, हे कसं शोधायचं?

लेखी नकारासाठी अर्ज दिला आहे, शिक्का घेतला. मंचाच्या तक्रारीचा मसुदा मिस्टर लिहीत आहेत.

महेश_वायरिंग

201 ची मेन आणि कटआउट दोन्ही बंद ठेवा, मग एकेक फ्लॅटची मेन पाडत जा आणि 201 चा लाल दिवा कधी मंदावतो ते बघा. थांबला नाही, नुसता हळू झाला, तर एकापेक्षा जास्त घरांचे न्यूट्रल तिथे एकत्र बांधलेले असतील. कॉमन जिन्याचे दिवे आणि पाण्याची मोटर विसरू नका, मोटर चालू असताना एकदा बघा. सापडलं की हात लावू नका, आधी ऑफिसला कळवा.